क्रॉसबार परत परत सैल होतायत? आधी पाना खाली ठेवा

डिचोलीला माझं गाडीच्या ॲक्सेसरीजचं छोटं काम आहे, टपावरचे क्रॉसबार, म्हणजे सामान बांधायचे आडवे दांडे, बसवणं हे त्यातलं नेहमीचं. बसवायला येतात त्यापेक्षा जास्त लोक "बसवलेत पण राहत नाहीत" म्हणून येतात आणि दहातले आठजण एकच वाक्य बोलतात, पात्रांव जरा घट्ट करून द्या. मी घट्ट करून दिले तर पंधरा दिवसांनी तेच गिऱ्हाईक परत दारात, कारण सैल का झाले ते कोणी बघितलेलंच नसतं. म्हणून आता मी घट्ट करायच्या आधी काय काय बघतो ते सगळं इथे लिहितोय, फुकटातल्या तपासण्या आधी आणि खर्चाच्या नंतर.

आधी लक्षणं, कारण तीन वेगळ्या गोष्टींना लोक "सैल" हाच एक शब्द वापरतात.

साठ-सत्तरच्या पुढे गेलं की शिट्टी किंवा घूं असा आवाज, वेग कमी केला की बंद. हा बहुतेक वेळा वाऱ्याचा आवाज असतो, सैलपणाचा नाही. बारच्या वरच्या खाचेतली रबरपट्टी निघालेली असते, नाहीतर पंखासारख्या आकाराचा बार उलटा बसवलेला असतो, म्हणजे त्याची जाड गोल बाजू मागे. सामान बांधायचा चपटा पट्टा सरळ ताणला असेल तर तोही घुमतो, त्याला मध्ये एक पीळ दिला की गप्प. शिट्टी वाजते म्हणून बोल्ट आवळत बसणारे मी खूप पाहिलेत.

दुसरं म्हणजे स्पीडब्रेकरवर किंवा खड्ड्यात टक-टक. आपल्याकडे दर दोनशे मीटरवर स्पीडब्रेकर, त्यामुळे हे लगेच कळतं. हा मात्र पाय हलत असल्याचा आवाज. बारच्या टोकाला जो भाग गाडीला पकडतो त्याला मी पाय म्हणतोय, पुढेही तसंच वाचा.

तिसरं, बार जागेवरून सरकलाय. पुढचा बार दोन बोटं मागे आलेला, किंवा एक बाजू पुढे आणि एक मागे, वरून बघितलं तर तिरका. टपावर रंगाला घासल्याचा पांढुरका डाग दिसतो. असं असेल तर त्या दिवशी त्याच्यावर सामान बांधू नका, हे आधीच सांगून ठेवतो.

आता ज्या गाडीवरून हे सगळं नीट समजतं ती सांगतो. पेडण्याकडचा एक प्लंबर, साधी हॅचबॅक, टपाच्या कडेने लांब जाणारी रेल नाही, म्हणजे दाराच्या वरच्या चौकटीत क्लॅम्प अडकवून बसणारे बार. टपावर ॲल्युमिनियमची शिडी, आमच्याकडे निसण म्हणतात ती, आणि जीआय पाइप. तक्रार अशी की पुढचा डावा पाय आठवड्याला सैल होतो, बाकीचे तीन ठीक. दोन ठिकाणी घट्ट करून घेतले होते आणि एकदा त्याने स्वतः घरी ॲलन कीच्या मागे पाइपचा तुकडा घालून आवळला होता. माझ्याकडे आला तेव्हा म्हणाला, "दादा, आता तुम्हीच काय तो शेवटचा घट्ट करा, मला परत यायला वेळ नाही."

मी पाना घेतलाच नाही. मार्कर घेतला.

ही फुकटातली पहिली तपासणी, आणि माझ्या मते सगळ्यात कामाची. पायाच्या बोल्टच्या डोक्यावरून खालच्या धातूवर येईल अशी एक सरळ रेघ मारायची. दुसरी रेघ पाय जिथे टपावर टेकतो तिथे, रंगावर नको, कागदी चिकटपट्टी लावून तिच्यावर. मग नेहमीसारखी गाडी चालवायची, पन्नासएक किलोमीटर, आणि परत बघायचं. बोल्टवरची रेघ तुटली, म्हणजे डोक्यावरचा तुकडा आणि खालचा तुकडा जुळत नाहीत, तर बोल्ट खरंच फिरून सुटतोय. चिकटपट्टीवरची रेघ सरकली तर पाय घसरतोय. आणि बोल्टची रेघ जशीच्या तशी आहे पण हाताला बार हलतो, तर बोल्टचा काही दोष नाही, त्याच्या खालचं काहीतरी दबतंय. या तिघांचे उपाय वेगळे आहेत, आणि नुसतं आवळल्याने तिघांपैकी एकही धड बरा होत नाही.

हाताने बघायची पद्धत पण सांगतो, कारण लोक बार मध्यभागी धरून वरखाली ओढतात आणि त्याने काही कळत नाही. सामान काढा, बार पायाच्या अगदी जवळ धरा आणि पुढे-मागे जोरात हलवा. गाडी सस्पेन्शनवर डुलली पाहिजे आणि बार जागचा हलता कामा नये. चारही पायांवर हेच करायचं, एका पायावर करून सोडायचं नाही.

प्लंबरची गाडी तीन दिवसांनी परत आली. बोल्टची रेघ शाबूत, पाय मात्र हातात खडखडत होता. म्हणजे तीन ठिकाणी ज्याला आवळत होते तो बोल्ट सुटतच नव्हता.

दुसरी तपासणी वजनाची, हीही फुकटच, फक्त घरातला वजनकाटा लागतो. इथे सगळ्यात मोठी गफलत होते. बारच्या खोक्यावर 75 किलो छापलेलं असतं, तेवढं वाचून माणूस निश्चिंत. पण 75 किलो ही बारची ताकद झाली, गाडीच्या टपाची नाही. टपाची मर्यादा गाडीच्या पुस्तकात असते, ग्लोव्ह बॉक्समध्ये जे कोणी उघडत नाही त्या पुस्तकात, आणि वर सायकलचा किंवा कयाकचा स्टँड लावला असेल तर त्याची तिसरी मर्यादा. या तिघांत जो आकडा सगळ्यात लहान तोच खरा. शिवाय टपाच्या मर्यादेत बारचं स्वतःचं वजनही धरायचं असतं, हे तर जवळजवळ कोणीच धरत नाही.

प्लंबरच्या गाडीच्या पुस्तकात 50 किलो लिहिलं होतं. आम्ही तिथेच हिशोब केला. बार आणि चार पाय मिळून साडेपाच किलो. शिडी 11. एक इंची मीडियम जीआय पाइप मीटरला साधारण अडीच किलो भरतो, त्याने सहा मीटरचे पाइप अर्धे करून तीन-तीन मीटरचे घेतलेले, म्हणजे एक तुकडा साडेसात, असे पाच, झाले साडेसदतीस. वर फिटिंगची एक पिशवी पट्ट्यालाच अडकवलेली, ती चार किलो. एकूण 58. खोक्यावरच्या 75 ला बरंच कमी आणि गाडीच्या 50 ला आठ किलो जास्त. तो बघतच राहिला, म्हणाला मला वाटायचं अजून एक माणूस बसवला तरी चालेल.

पण आठ किलोने पाय आठवड्याला सैल होत नाही, खरी गंमत पुढे होती. शिडी रुंद म्हणून ती उजवीकडे ठेवायचा आणि पाइप बारीक म्हणून सगळे डाव्या कडेला, पिशवीही त्याच बाजूला. म्हणजे उजवीकडे 11 किलो आणि डावीकडे साडेएक्केचाळीस. त्यात पाइप पुढे जास्त निघालेले, कारण मागे डिकीचं दार उघडायला लागतं. प्रत्येक खड्ड्यात आणि प्रत्येक ब्रेकला धक्का त्या एकाच पुढच्या डाव्या पायावर. बारची मर्यादा छापलेली असते ती वजन दोन्ही बारवर आणि दोन्ही बाजूंना सारखं वाटलंय असं धरून, हे लक्षात ठेवा.

आणि ती मर्यादा डांबरी रस्त्यासाठी आहे. कच्च्या रस्त्यावर काही बार-कंपन्या आकडा दीडने भागायला सांगतात, म्हणजे 75 चे 50 उरतात. सत्तरीतल्या आतल्या वाटांवर किंवा शेताच्या बांधावर गाडी घालणाऱ्यांनी हे धरून चालायचं.

तिसरी तपासणी साफसफाई, खर्च एक बादली पाणी. किनाऱ्यावर उभी राहणारी गाडी असेल तर पायाखालच्या रबरी पॅडखाली मीठ आणि वाळू, आमच्या बाजूला असेल तर लाल माती, आणि दोन्हीकडे कॉमन म्हणजे पॉलिश. पॉलिश मारलेल्या टपावर रबर पॅड साबणावर ठेवल्यासारखा सरकतो. पाय काढा, पॅड आणि टपाची जागा साबणाच्या पाण्याने धुवा, कोरडी करा, पूर्ण कोरडी, ओल्यावर बसवू नका. रबराला तेल, ग्रीस, चकाकीचा स्प्रे काही लावायचं नाही. वाळू तशीच ठेवून आवळलंत तर रंग खरवडून पत्र्यापर्यंत जाईल आणि आमच्या पावसात तिथे गंज धरायला एक सीझन पुरतो. चिकटपट्टीवरची रेघ ज्यांची सरकली होती त्यातल्या बऱ्याचजणांचं काम इथेच होतं.

चौथी, बसवण्यातली चूक. इथे प्लंबरचा खरा चोर सापडला.

दाराच्या चौकटीत बसणाऱ्या बारला चार पॅड असतात आणि ते चारही वेगळे असतात. टप पुढे जास्त उतरता आणि मागे कमी, डावीकडे एका अंगाला कललेला आणि उजवीकडे दुसऱ्या, म्हणून प्रत्येक पॅडच्या पोटाचा बाक वेगळा. पॅडच्या खाली बारीक अक्षरं किंवा बाण असतो, पुढचा-डावा, पुढचा-उजवा असं सांगणारा. दिसायला मात्र चारही काळे आणि एकसारखे. याच्या गाडीत पुढचे दोन अदलाबदल झाले होते. मी डावा पाय काढून पॅड उताणा केला तर रबराच्या फक्त बाहेरच्या कडेला घासल्याची चकाकी, बोटाएवढी पट्टी, आणि बाकीचा सगळा पॅड नवा कोरा, टपाला कधी टेकलेलाच नाही. म्हणजे सगळं वजन त्या कडेवर. आवळला की कड दबायची, घट्ट वाटायचं, पन्नास किलोमीटरच्या हादऱ्यांत कड अजून थोडी बसायची आणि क्लॅम्पचा ताण निघून जायचा. बोल्ट एक केसभरही न फिरता पाय सैल. उजवा पॅडही चुकीचाच होता पण त्याच्यावर वजन कमी, म्हणून त्याने तोंड उघडलं नव्हतं.

पॅडसोबत क्लॅम्पचा हुक बघा. तो दाराच्या चौकटीच्या पत्र्याच्या कडेला बसला पाहिजे, दाराच्या रबराच्या बीडिंगवर नाही. बीडिंगवर अडकला तर रबर दबतं आणि गोष्ट तीच. दार उघडं ठेवून, टॉर्च मारून, बोट फिरवून बघायचं. मग दार हळू लावून बघा, क्लॅम्पला लागून कडक जात असेल तर काहीतरी चुकलंय.

बारची जागा कुठे, हे सोबतच्या कागदावर मिलिमीटरमध्ये दिलेलं असतं, दाराच्या कडेपासून किंवा काचेच्या वरच्या कडेपासून. अंदाजाने ठेवायचे नाहीत, कारण टपाखाली मजबुती सगळीकडे सारखी नसते आणि पॅडचा बाकही त्या एकाच जागेसाठी घडवलेला असतो. पुढच्या आणि मागच्या बारमधलं अंतर डावीकडे मोजा, मग उजवीकडे, दोन्ही सारखं यायला हवं. बार दोन्ही बाजूंना सारखा बाहेर आलाय का तेही बघा. टेप नसेल तर सुतळीने मोजा, चालतं.

ज्यांच्या गाडीला रेल आहे त्यांच्यासाठी इथेच एक गोष्ट, आणि ही जरा ओरडूनच सांगतो. बाजारात दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपवर लावायच्या रेल मिळतात, दिसायला झकास, आणि त्या फक्त दिसायलाच असतात. त्यांच्यावर क्रॉसबार लावू नका, मोकळेसुद्धा. कंपनीतून आलेल्या काही रेलही नुसत्या शोभेच्या असतात, गाडीच्या पुस्तकात वजन घालू नका असं लिहिलेलं असतं. पुस्तकात टपाच्या वजनाचा आकडाच दिला नसेल तर मी बार बसवत नाही, गिऱ्हाईक रागावून गेलं तरी.

पाचवी तपासणी आवळण्याची. इथपर्यंत आल्यावर आता पाना हातात घ्या.

कित्येक बारसोबत एक छोटी चावी येते जी ठराविक जोर झाला की कट् वाजते. ती हरवली असेल तर छोटा टॉर्क पाना घ्या, चाकाच्या बोल्टचा मोठा नको, त्याच्यावर एवढा लहान आकडा नीट लागत नाही. आकडा तुमच्या बारच्या कागदावरचाच घ्यायचा. 5 न्यूटन मीटर लिहिलं असेल तर ते किती ते सांगतो, दहा सेंटीमीटरच्या चावीच्या टोकाला साधारण पाच किलोचा जोर. मनगटाचा जोर, खांद्याचा नाही. बहुतेक लोक याच्या दुप्पट-तिप्पट आवळतात आणि मग ॲल्युमिनियमच्या पायातले आटे जातात, पॅड चिरडतो, नाहीतर दाराची चौकट वाकते. बॅटरीवरचा इम्पॅक्ट पाना तर जवळही आणू नका.

एक बाजू पूर्ण आवळून मग दुसरी, असं केलं की बार पहिल्या बाजूला ओढला जातो आणि दुसरी बाजू खोटी घट्ट लागते. दोन फेरे डावीकडे, दोन फेरे उजवीकडे, असं आलटून पालटून शेवटच्या कट् पर्यंत. मग बार हलवून बघायचा आणि परत एकदा चारही ठिकाणी चावी लावायची, बरेचदा एखादा पाय अजून अर्धा फेरा घेतो. आट्यांना तेल लावू का, हे सगळे विचारतात. कागदावर लिहिलं नसेल तर नको, कारण तेलकट आट्यावर त्याच आकड्याला बोल्ट जास्त ताणला जातो.

आता ज्यांची बोल्टवरची रेघ तुटली होती त्यांच्यासाठी सहावी, जिथे थोडे पैसे लागतात. बोल्ट बाहेर काढून बघा. आट्यांत लाल गंज किंवा पांढरी भुकटी आहे? स्टीलचा बोल्ट, ॲल्युमिनियमचा पाय आणि मध्ये खारं पाणी, मग ॲल्युमिनियम खाल्लं जातं आणि ती भुकटी त्याचीच. अशा आट्यात चावी वेळेआधीच कट् म्हणते, कारण जोर घासण्यातच संपतो, आणि आपल्याला वाटतं घट्ट झालं. बोल्ट आणि वायसर त्याच मापाचे, बार-कंपनीचे मिळाले तर उत्तम. नुसतं स्टेनलेस आहे ना, म्हणून समाधान मानू नका, समुद्राजवळ 304 ग्रेडलाही डाग धरतात, 316 ग्रेड जास्त टिकतं. हार्डवेअरच्या दुकानातून जवळपासच्या मापाचा बोल्ट ठोकून बसवणं म्हणजे पुढच्या वेळी पायच बदलायची तयारी.

इथे थांबायचं आणि माणूस बोलवायचा, ते असं. बोल्ट गोल गोल फिरतोय पण आवळतही नाही आणि निघतही नाही. बार ठीक आहे पण कंपनीची रेलच हाताने हलते. पायाला बारीक चीर आहे, अगदी नखाला लागण्याएवढी. टपाचा पत्रा पायाखाली दबलाय किंवा दाराची चौकट वाकून आत वारा-पाणी येतंय. टपातच आट्यांचे पॉइंट असलेली गाडी असेल आणि पावसात आतलं कापड ओलं होत असेल. यातलं काहीही असेल तर बार काढून ठेवा आणि बॉडीचं काम करणाऱ्याकडे किंवा कंपनीच्या वर्कशॉपला जा. रेल खालून आवळता येईल म्हणून आतलं टपाचं कापड स्वतः ओढू नका, बऱ्याच गाड्यांत कडेने पडद्यासारखी एअरबॅग घडी करून ठेवलेली असते, तिथे स्क्रूड्रायव्हर घालून प्रयोग नकोत.

प्लंबरच्या गाडीचं पुढे काय केलं ते सांगतो. पुढचे दोन पॅड आपापल्या जागी लावले, डावीकडे चुकून बसलेल्या उजव्या पॅडची कड कायमची दबली होती म्हणून तो नवा मागवला. पाइपचा तुकडा घालून आवळलेल्या पायाचे आटे गेलेच होते, तो पाय बदलला, नवा खर्च एवढाच, आणि तोही टाळता आला असता. पाइप पाचाचे चार केले, तीस किलो. साडेपाच, अकरा आणि तीस, साडेशेहेचाळीस. पिशवी डिकीत. दोन पाइप डाव्या कडेला, दोन उजवीकडे शिडीच्या आत, आणि पुढे आलेली टोकं मागे घेऊन वजन दोन बारच्या मध्ये आणलं. डिकी अर्धीच उघडते म्हणून कुरकुरला थोडा. लांब सामान पुढच्या बाजूलाही बांधा असं सांगून बोनेटच्या हुककडे दोरी दिली, कारण झुवारीच्या नव्या पुलावर किंवा मांडवीवरच्या अटल सेतूवर आडवा वारा लागला की पुढे निघालेलं टोक उचललं जातं आणि सगळा झटका परत पुढच्या पायांना.

बोल्टवर आणि चिकटपट्टीवर परत रेघा मारून दिल्या. दहा मिनिटं चालवून थांब आणि हात लाव, मग पन्नास किलोमीटरला चावी लाव, नवीन पॅड थोडा बसतोच, आणि त्यानंतर दर वेळी सामान चढवायच्या आधी चार पाय हलवून बघ, एवढं सांगितलं. पन्नासला उजव्या पुढच्याने पाव फेरा घेतला, बाकी तिघांनी काहीच नाही. चिकटपट्टी पहिल्या पावसात निघून गेली, बोल्टवरची रेघ अजून आहे. मृगाच्या आधी बार उतरवून घरात ठेव म्हटलं होतं, ते काही त्याने ऐकलं नाही, जूनमध्ये बार तसेच टपावर घेऊन आला, पण नळाचं काम करायला, माझ्याच गाळ्यावर.